आपल्या कनेक्शन रिक्वेस्टबाबत

सप्रेम नमस्कार प्रसादजी,

आपली कनेक्शन रिक्वेस्ट आणि तिच्यासोबतची, आपल्या साठा-नोंदणी प्रणालीच्या डेमोबाबतची टीप मिळाली. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक संदेशांत कारखान्याचे नाव बदलले तरी मजकूर तोच राहतो. आपण मात्र राजापुरी हळद, मार्केट यार्डातील सौदे आणि लॉटनिहाय साठ्याची नोंद यांचा नेमका उल्लेख केलात, म्हणून उत्तर न देता विषय सोडून द्यावा असे वाटले नाही.

तरीही आपली रिक्वेस्ट मी सध्या स्वीकारत नाही. ज्यांच्याशी प्रत्यक्ष व्यवहार झाला आहे किंवा निदान एकदा भेट झाली आहे, अशाच मंडळींपुरती माझी येथील यादी मी मर्यादित ठेवली आहे, आणि हा नियम मी सर्वच विक्री प्रतिनिधींना लावते. दुसरे म्हणजे, आमच्या सध्याच्या साठा-नोंदणी सॉफ्टवेअरचा वार्षिक करार जानेवारीतच नव्याने झाला असून तो डिसेंबरअखेरपर्यंत चालेल. त्यातच आता नव्या हळदीची आवक जोरात आहे. रोज सकाळी सौद्याला उभे राहायचे आणि दुपारनंतर कुपवाडला वजने जुळवत बसायचे, अशा दिवसांत आपल्याला डेमोसाठी वेळ देणे म्हणजे आपलाही वेळ वाया घालवणे होईल.

विषय मात्र आमच्या कामाचा आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आता पुडीवर सांगलीचे नाव छापायचे तर ही भुकटी कोणत्या लॉटच्या हळकुंडांची, हे ग्राहकाने विचारल्यावर दाखवता आले पाहिजे. आमच्याकडे ती साखळी दळणाच्या टप्प्यावर तुटते. दोन-तीन लॉट एकत्र दळले की त्यांचे ओलाव्याचे आणि करक्युमिनचे तपासणी अहवाल कोणत्या बॅचला जोडायचे, हे आजही एक जुने सहकारी पेन्सिलीने वहीत लिहून ठेवतात. (त्या वहीची पाने इतकी पिवळी झाली आहेत की जुने आकडे उजेडात धरून वाचावे लागतात.) मागे एका विक्रेत्याने पोत्यांवर बारकोडची लेबले लावून दाखवली होती. चार दिवसांत त्यांच्यावर भुकटीचा थर बसला आणि स्कॅनर एकही लेबल वाचेना.

आपल्या प्रणालीत एकत्र दळलेल्या लॉटची नोंद कशी होते आणि धुळीत टिकणाऱ्या लेबलांची काय सोय आहे, एवढ्या दोनच मुद्द्यांवर एक पानभर माहिती दसऱ्यानंतर येथेच संदेशाने पाठवावी. पुढील वर्षाच्या खर्चाचा विचार आम्ही त्याच सुमारास करतो. निर्णय मालकांचा असतो, त्यामुळे आत्ताच कोणताही शब्द देत नाही. परंतु माहिती उपयोगी वाटली तर ती त्यांच्यासमोर मी स्वतः ठेवीन आणि भेटीची वेळही कळवीन. मसाला कारखान्यात आपली प्रणाली प्रत्यक्ष चालू असेल, तर तेथील अनुभव त्या पानात अवश्य लिहावा. तोपर्यंत फोन अथवा स्मरणपत्र पाठवू नये, ही विनंती.

कळावे,
आपली,
सुनंदा
खरेदी विभाग, हळद प्रक्रिया कारखाना,
कुपवाड, सांगली