जन्मजात हृदयविकार: सायनोटिक आणि असायनोटिक गटांची परीक्षेसाठी टिपणे

अंतिम वर्षाच्या बालरोग परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ही टिपणे आहेत. दर हजार जिवंत जन्मांमागे साधारण आठ बालकांना जन्मजात हृदयविकार असतो, त्यामुळे लाँग केसच्या खाटेवर असे मूल येण्याची शक्यता मोठी आहे. आजारांची नावे आणि त्यांच्यासमोर लक्षणांची यादी अशा पद्धतीने हा विषय पाठ केला, तर परीक्षकाच्या दुसऱ्याच प्रश्नाला उत्तर सुचत नाही. रक्त कुठून कुठे जाते आहे, हे मनात स्पष्ट असेल तर बहुतेक चिन्हे स्वतःच काढता येतात.

वर्गीकरणासाठी दोन प्रश्न पुरतात. मूल निळे आहे का, आणि फुप्फुसांकडे जाणारे रक्त वाढले आहे, कमी झाले आहे की नेहमीइतकेच आहे? पहिल्याचे उत्तर तपासणीत मिळते आणि दुसऱ्याचे मुख्यतः इतिहासात व छातीच्या एक्स-रेमध्ये. वारंवार होणारा न्यूमोनिया, दूध ओढताना लागणारी धाप, मध्येच थांबून पुन्हा ओढणे, कपाळावर येणारा घाम आणि न वाढणारे वजन, ही सारी फुप्फुसांत जास्त रक्त जात असल्याची खूण आहे. आई ‘बाळ पिताना दमतं’ एवढेच सांगते. किती मिनिटांनी थांबते आणि किती वेळाने पुन्हा मागते, हे आपण विचारायचे असते.

निळेपणा पाहताना बहुतेकांची चूक होते ती जागेची. सेंट्रल सायनोसिस जिभेवर आणि तोंडाच्या आतील अस्तरावर, शक्यतो दिवसाच्या उजेडात पाहावा. थंडीने निळी पडलेली बोटे पाहून निदान करू नये. केशिकांमधील ऑक्सिजनरहित हिमोग्लोबिन साधारण 5 ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेल्यावरच हा रंग डोळ्यांना दिसतो. म्हणून रक्तक्षय असलेल्या मुलात ऑक्सिजनचे प्रमाण बरेच घसरलेले असूनही जीभ निळी दिसत नाही. आपल्या वॉर्डांत रक्तक्षय नेहमीचाच असल्यामुळे पल्स ऑक्सिमीटर लावल्याशिवाय ‘सायनोसिस नाही’ असे लिहू नये.

असायनोटिक गट

या गटाचे दोन भाग पडतात: डावीकडून उजवीकडे शंट असलेले आजार आणि केवळ अडथळा असलेले आजार. पहिल्या भागात व्हीएसडी, एएसडी, पीडीए आणि एव्ही कॅनॉल दोष येतात. दुसऱ्यात एओर्टिक स्टेनोसिस, पल्मोनरी स्टेनोसिस आणि कोआर्क्टेशन.

व्हीएसडी हा सर्वांत जास्त आढळणारा जन्मजात हृदयविकार आहे. जन्मतः फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांचा रोध जास्त असल्यामुळे मोठे छिद्र असूनही पहिल्या काही दिवसांत मर्मर ऐकू येत नाही. पुढील आठवड्यांत तो रोध उतरतो, शंट वाढतो आणि सहा ते दहा आठवड्यांच्या सुमारास बाळ हार्ट फेल्युअरमध्ये येते. ‘जन्मल्यावर डॉक्टरांनी हृदय नीट आहे म्हणून सांगितले होते’ हे पालकांचे म्हणणे अनेकदा अगदी खरे असते, आणि त्याचे कारण तोंडी परीक्षेत सांगता आले पाहिजे. उरोस्थीच्या डाव्या खालच्या कडेला पॅनसिस्टोलिक मर्मर आणि थ्रिल ही मुख्य चिन्हे. शंट मोठा असेल तर एपेक्सवर मिड-डायस्टोलिक मर्मर मिळतो, कारण फुप्फुसांतून परतलेले जादा रक्त मायट्रल झडपेतून जात असते. छिद्र लहान तितका मर्मर मोठा असू शकतो. मर्मरच्या मोठेपणावरून आजाराची तीव्रता ठरवणे ही परीक्षेत नेहमी पकडली जाणारी चूक आहे.

एएसडीमध्ये दुसऱ्या हृदयध्वनीचे रुंद आणि स्थिर विभाजन हे सर्वांत मोलाचे चिन्ह आहे. डाव्या वरच्या कडेला ऐकू येणारा इजेक्शन सिस्टोलिक मर्मर छिद्रातून येत नाही. दोन अलिंदांमधील दाबाचा फरक आवाज निर्माण करण्याइतका नसतो. तो पल्मोनरी झडपेतून जाणाऱ्या वाढीव प्रवाहाचा असतो. ही मुले बहुधा लक्षणरहित असतात आणि शाळेच्या तपासणीत सापडतात. ईसीजीवर सेकंडम प्रकारात अक्ष उजवीकडे, तर प्रायमम प्रकारात डावीकडे झुकतो, आणि एवढ्या एका गोष्टीवरून दोन्ही वेगळे करता येतात. एव्ही कॅनॉल दोषातही अक्ष डावीकडेच असतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलात हा दोष आवर्जून शोधावा.

पीडीएमध्ये महारोहिणीतील दाब सिस्टोल आणि डायस्टोल दोन्ही काळांत पल्मोनरी धमनीपेक्षा जास्त राहतो, म्हणून डाव्या कॉलरबोनखाली अखंड, यंत्राच्या घरघरीसारखा मर्मर ऐकू येतो. डायस्टोलमध्येही रक्त निसटत असल्याने नाडी उसळती आणि पल्स प्रेशर रुंद असते. अकाली जन्म आणि गर्भावस्थेतील रुबेला ही दोन कारणे विचारली जातात. इंडोमेथासिन किंवा आयबुप्रोफेन अपुऱ्या दिवसांच्या बाळात उपयोगी पडते. पूर्ण दिवसांच्या बाळात त्याचा उपयोग होत नाही, कारण तिथे नलिकेच्या भिंतीचीच रचना सदोष असते.

हे शंट मोठे असून वेळेवर बंद केले नाहीत, तर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या कायमच्या जाड होतात, शंट उलटतो आणि असायनोटिक मूल निळे होते. हा आयझेनमेंगर सिंड्रोम. यात जुना मर्मर मंदावतो आणि दुसरा हृदयध्वनी ठणठणीत होतो. पीडीएमध्ये शंट उलटला तर पायाची बोटे निळी आणि उजव्या हाताची गुलाबी राहतात, म्हणून प्रत्येक मुलाच्या पायांची नखेही पाहावीत.

अडथळ्याच्या आजारांपैकी दोन झडपांबद्दल थोडक्यात: एओर्टिक स्टेनोसिसचा इजेक्शन मर्मर उजव्या वरच्या कडेला असून मानेकडे पसरतो, पल्मोनरी स्टेनोसिसचा डाव्या वरच्या कडेला असतो. पल्मोनरी क्लिक श्वास घेताना मंदावते आणि नूनन सिंड्रोमशी या आजाराचे नाते आहे; सुप्राव्हॉल्व्ह्युलर एओर्टिक स्टेनोसिसचे विल्यम्स सिंड्रोमशी.

कोआर्क्टेशनला मात्र जास्त वेळ द्यावा, कारण ते फक्त शोधणाऱ्यालाच सापडते. मांडीतील नाडी क्षीण किंवा उशिरा लागते, आणि हातातील रक्तदाब पायापेक्षा जास्त असतो. नवजात बाळात डक्टस बंद होताच शॉक येतो आणि तो सेप्सिस समजून उपचार सुरू होतात. फासळ्यांवरील खाचा मोठ्या मुलातच दिसतात. अर्भकाच्या एक्स-रेमध्ये त्या शोधू नयेत. मुलीत कोआर्क्टेशन असेल तर टर्नर सिंड्रोमचा विचार करावा.

सायनोटिक गट

इथे दुसरा प्रश्न निर्णायक ठरतो. एक्स-रेमध्ये फुप्फुसे काळी, म्हणजे रक्त कमी असलेली दिसली, तर टेट्रॅलॉजी ऑफ फॅलो, ट्रायकस्पिड अट्रेसिया, पल्मोनरी अट्रेसिया आणि एब्स्टाइन यांचा विचार करावा. रक्त वाढलेले दिसले, तर ट्रान्सपोझिशन, टीएपीव्हीसी आणि ट्रंकस आर्टेरिओसस.

टेट्रॅलॉजी हा एकूण सर्वांत जास्त आढळणारा सायनोटिक आजार आहे. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यातच निळे होणारे मूल असेल तर पहिला मान ट्रान्सपोझिशनचा. फॅलो यांनी 1888 मध्ये वर्णन केलेले चार दोष म्हणजे उजव्या निलयाच्या बहिर्मार्गातील अडथळा, व्हीएसडी, दोन्ही निलयांवर आरूढ झालेली महारोहिणी आणि उजव्या निलयाची जाडी. मुळात बिघाड एकच आहे: इन्फंडिब्युलर पडदा पुढे सरकतो, आणि बाकीचे त्यातून घडते. व्हीएसडी इतका मोठा असतो की त्यातून मर्मर येत नाही. मर्मर बहिर्मार्गातून येतो. म्हणूनच अडथळा वाढला की मर्मर लहान आणि मंद होतो, आणि स्पेलमध्ये तो जवळजवळ नाहीसा होतो. दुसरा ध्वनी एकेरी ऐकू येतो, नखे गदाकृती होतात, आणि एक्स-रेमध्ये बुटाच्या आकाराचे, न वाढलेले हृदय दिसते. सुमारे एक चतुर्थांश मुलांत महारोहिणीची कमान उजवीकडे असते. टेट्रॅलॉजीत हार्ट फेल्युअर सहसा होत नाही; झाले असेल तर रक्तक्षय, एंडोकार्डायटिस किंवा मूळ निदानातील चूक शोधावी.

स्पेल बहुधा सकाळी, रडल्यानंतर, दूध पिताना किंवा शौचाच्या वेळी येतो. मूल जोरात श्वास घेते, गडद निळे पडते आणि गळून जाते. गुडघे छातीशी आणून आईच्याच खांद्याशी धरणे हा पहिला उपाय आहे, कारण त्याने शरीराच्या धमन्यांचा रोध वाढतो आणि रक्त फुप्फुसांकडे वळते. मोठे मूल धावता धावता उकिडवे बसते ते याच कारणाने. त्यानंतर ऑक्सिजन, मॉर्फिन 0.1 मिग्रॅ प्रति किलो, शिरेतून द्रव, बायकार्बोनेट, बीटा ब्लॉकर आणि गरज पडल्यास फिनाइलएफ्रिन हा क्रम सांगावा. लोहाची कमतरता स्पेल आणि मेंदूतील थ्रोम्बोसिस दोन्हींना निमंत्रण देते, त्यामुळे 15 ग्रॅम हिमोग्लोबिन पाहून ‘रक्त चांगले आहे’ असे म्हणू नये. दोन वर्षांवरील मुलात ताप, डोकेदुखी किंवा झटके आले तर मेंदूतील गळूचा विचार प्रथम करावा.

ट्रायकस्पिड अट्रेसिया ओळखण्याची किल्ली ईसीजीत आहे: निळे मूल, पण अक्ष डावीकडे आणि डावा निलय जाड. एब्स्टाइनमध्ये हृदय प्रचंड मोठे, पेटीसारखे दिसते.

ट्रान्सपोझिशनमध्ये दोन रक्ताभिसरणे समांतर चालतात आणि त्यांची कुठेतरी भेट झाली तरच बाळ जगते. निलयांमधील पडदा अखंड असेल तर मर्मर नसतो. पूर्ण दिवसांचे, चांगल्या वजनाचे, गडद निळे आणि तरीही फारशी धाप नसलेले नवजात हे त्याचे नेहमीचे चित्र. 100 टक्के ऑक्सिजन देऊनही रक्तातील ऑक्सिजनचा दाब 100 मिमीच्या खाली राहिला, तर कारण हृदयात असण्याची शक्यता बळावते. एक्स-रेमध्ये आडव्या अंड्यासारखे हृदय आणि अरुंद मेडियास्टिनम दिसते. प्रोस्टाग्लँडिन ई-वन सुरू करून, श्वास थांबण्याच्या धोक्यासाठी तयारी ठेवून, बाळाला बलून सेप्टोस्टोमी आणि पुढे आर्टेरियल स्विच होईल अशा केंद्रात पाठवावे.

ट्रंकसमध्ये झडप एकच असल्याने दुसरा ध्वनी एकेरी, आणि रक्त फुप्फुसांकडे निसटत असल्याने नाडी उसळती. टीएपीव्हीसीमध्ये चारही फुप्फुसशिरा उजवीकडे उघडतात. सुप्राकार्डियाक प्रकारात काही महिन्यांनंतर एक्स-रेमध्ये आठच्या आकड्यासारखी, बर्फाच्या बाहुल्यासारखी सावली मिळते. अडथळा असलेल्या प्रकारात मात्र हृदय लहान आणि फुप्फुसे धुरकट दिसतात, त्यामुळे बाळ फुप्फुसाच्या आजाराचे समजले जाते; इथे प्रोस्टाग्लँडिनने स्थिती बिघडू शकते आणि तातडीची शस्त्रक्रियाच वाचवते.

निदान लिहिताना फक्त ‘व्हीएसडी’ लिहून थांबू नये. ‘असायनोटिक जन्मजात हृदयविकार, डावीकडून उजवीकडे शंट, निलयांच्या पातळीवर, मोठा, पल्मोनरी हायपरटेन्शनसह, हार्ट फेल्युअरमध्ये, सायनस ऱ्हिदम, एंडोकार्डायटिसची चिन्हे नाहीत’ असे पूर्ण लिहावे, आणि यातील प्रत्येक शब्दासाठी तपासणीत काय सापडले ते परीक्षकाला दाखवता यावे.