महाप्रसाद, रविवार २० सप्टेंबर : स्वयंपाकघरात हात हवे आहेत

गणपती बाप्पा मोरया 🙏

काका-काकू, ताई-दादा आणि ग्रुपवर नुसतं वाचून गप्प बसणारी तरुण मंडळी, सगळ्यांना नमस्कार.

बाप्पा सोमवारी १४ तारखेला येताहेत. आपला महाप्रसाद रविवारी २० तारखेला, लोकमान्यनगरच्या सभागृहातच. गौरींची धावपळ तोवर आटोपलेली असेल, त्यामुळे ‘घरी गौरी आहेत’ हे कारण या वर्षी चालणार नाही 😄

साधारण ४०० पानं धरली आहेत, तीन पंगती. बेत असा : वरण-भात, मसालेभात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, पुरी, शिरा, मठ्ठा. कांदा-लसूण नाही. भट्टी आणि तळण महाराज व त्यांचे दोन मदतनीस सांभाळतील. बाकी सगळं आपलं. ५० किलो बटाटे, ४० किलो कणीक आणि दोन हजारांच्या आसपास पुऱ्या आहेत, म्हणजे चार काकूंच्या जिवावर हे होणार नाही.

शिफ्ट अशा आहेत :

शनिवार १९, संध्याकाळी ५ ते ८ : धान्य निवडणं, बटाटे-काकड्या धुणं, मोठी भांडी घासून पालथी घालणं. ८ जण. चिरायचं मात्र काही नाही, ते रविवारी सकाळीच.

रविवार सकाळी ६ ते ९.३० : चिरणं, खोवणं, कणीक मळणं. १० जण. चहा आणि पोहे ७ वाजता, शेव-जीरावन टाकून.

९ ते १ : पुऱ्या लाटणं. १२ जण. दादा लोकहो, लाटणं फक्त बायकांच्याच हातात शोभतं असं काही नाही. पुरी वाकडी आली तरी फुगते.

११.३० ते ३ : वाढप. १६ जण. पहिली पंगत १२ वाजता आरती आणि नैवेद्य झाल्यावर लगेच.

२.३० ते ५.३० : आवराआवर. १० जण.

या शेवटच्या शिफ्टबद्दल थोडं सविस्तर बोलते. दरवर्षी वाढपाला नावं भराभर येतात, झब्बा घालून ‘अजून एक पुरी घ्याच’ म्हणायला सगळ्यांना आवडतं. आणि तीन वाजले की सभागृहात कढया, चिकट फरशी आणि दोन-तीन थकलेल्या ताया उरतात. म्हणून या वेळी नियम केला आहे : आवराआवरीची १० नावं आधी भरणार, मगच वाढपाची यादी उघडणार. शिवाय या शिफ्टवाल्यांचं पान पहिल्या पंगतीला मांडलेलं असेल. त्यांनी पोटभर जेवून, तासभर घरी आडवं होऊन २.३० ला यावं.

आता स्वच्छता. हे कृपया नीट वाचा.

नैवेद्याचं पान सोवळ्यात वेगळं होईल, ते नीलाकाकूंकडे आहे. पण सोवळं वेगळं आणि साबण वेगळा. रेशमी वस्त्र नेसून आलात तरी हात साबणानं, बोटांच्या फटींतून, नखांखालून, निदान २० सेकंद धुवायचेच. दाराशी बेसिन, साबण आणि कोरडे नॅपकिन ठेवू. फोन, पैसे, नाक, केस, कचऱ्याचा डबा, यांतल्या कशालाही हात लागला की पुन्हा धुणं. फोन शक्यतो बाहेरच्या टेबलावर ठेवा, रील नंतर करा.

अंगठ्या, बांगड्या, घड्याळ घरी. नखं कापलेली, नेलपॉलिश नको. केसांवर टोपी किंवा रुमाल. टोप्या आम्ही देऊ. कपडे सुती. भट्टीजवळ सिंथेटिक साडी, ओढणी किंवा सैल बाह्या नकोत. हातमोजे फक्त वाढताना. तळणाजवळ ते घालू नका, चटकन वितळून हाताला चिकटतात.

जुलाब, उलटी, ताप असेल तर येऊ नका. थांबल्यावरही पूर्ण ४८ तास जाऊ द्या. अंगात दुखणं घेऊन सेवा केली तर ४०० जणांना त्रास. फोन करून सांगा, कोणी काही म्हणणार नाही. बोटाला कापलं असेल तर पट्टी बांधून बाहेरचं काम घ्या.

पाणी : स्वयंपाकाला आणि प्यायला जारचंच. नळाचं पाणी भांडी आणि फरशीपुरतं. गेल्या हिवाळ्यात भागीरथपुऱ्यात दूषित पाण्यानं काय झालं ते आपल्या शहरानं पाहिलं आहे, तेव्हा ‘नर्मदेचंच तर आहे’ म्हणून कोणी पिंपात बादली ओतू नये. काकड्या धुण्याचं शेवटचं पाणीही जारचंच.

भात एकदम शिजवून ठेवायचा नाही, प्रत्येक पंगतीसाठी वेगळा लावायचा. शिजलेला भात तासन्‌तास कोमट राहिला की त्यात जंतू वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा तापवूनही जात नाही. वरण-भाजी वाफाळती राहील इतपत मंद आचेवर, झाकूनच. कोशिंबिरीत दही वाढायच्या आधी दहा मिनिटं घालायचं. दाण्याचं कूट वेगळ्या वाडग्यात असेल, काही मुलांना दाणे चालत नाहीत. चव नैवेद्यानंतरच बघायची, आणि ती वाटीत काढून. पळी तोंडाला लावून पुन्हा पातेल्यात घातलेली दिसली तर मी वय, नातं काही बघणार नाही. तळणाचं उरलेलं तेल महाराज घेऊन जातील, ते इथे पुन्हा वापरायचं नाही.

उरलेलं अन्न ३ वाजेपर्यंत, गरम असतानाच, डब्यांत भरून द्यायचं. त्यानंतरचं कोणालाही द्यायचं नाही, अगदी वाया जाताना जीव तुटला तरी.

ताटं स्टीलचीच. कचरा ओला-सुका वेगळा, हे इंदुरात सांगायला नको, पण पंगतीच्या घाईत उष्ट्यात रुमाल जातातच. आपला ओला कचरा देवगुराडियाला जातो, त्याच्या गॅसवर सिटी बस धावतात. त्यात प्लास्टिक गेलेलं चालत नाही. प्रत्येक डब्याशी एक मुलगा किंवा मुलगी उभी असेल, तिचं ऐका. ती तुमच्यापेक्षा वयानं लहान असली तरी.

बुधवारी १६ ला रात्रीच्या आरतीनंतर अर्धा तास सगळे भेटू, कोण कुठे उभं राहणार ते ठरवू.

आणि आभार, कारण रविवारी दमल्यावर ते राहून जातात. किराणा सियागंजमधून भावात बसवून, स्वतःच्या गाडीतून आणून देणाऱ्या दादांचे. दरवर्षी न सांगता पहाटे येऊन गॅसच्या नळ्या तपासणाऱ्या काकांचे. गुडघे दुखत असून खुर्चीवर बसून का होईना पुऱ्या लाटणाऱ्या आजींचे. परीक्षा तोंडावर असताना मागच्या वर्षी कढया घासणाऱ्या दोन मुलांचे. त्यांचं नाव स्टेजवरून घेतलं नव्हतं, या वेळी पहिलं त्यांचंच घेऊ.

नावं शुक्रवार ११ तारखेपर्यंत इथेच लिहा : नाव आणि शिफ्टची वेळ. नुसता 🙏 टाकलात तर मी तो आवराआवरीत धरीन.

विळी, चाकू, पोळपाट-लाटणं आपापलं आणा, त्यावर नावाची चिकटपट्टी लावून. मागच्या वर्षीची तीन लाटणी अजून माझ्याकडे आहेत, ज्यांची असतील त्यांनी घेऊन जावी.

मंजिरी
स्वयंपाकघर समिती