विषय : वडिलांच्या हृदयाच्या झडपेवरील उपचार, खर्च आणि निमंत्रणपत्राबाबत

प्रति, आंतरराष्ट्रीय रुग्ण विभाग, पुणे

महोदय,

आम्ही मॉरिशसमधील मराठी कुटुंब आहोत. माझ्या 71 वर्षांच्या वडिलांची महाधमनीची झडप अतिशय अरुंद झाली असून, इको तपासणीत तिचे क्षेत्रफळ 0.8 चौरस सेंटीमीटर आढळले आहे. त्यांना मधुमेह आहे आणि अलीकडे जिना चढतानाही धाप लागते, म्हणून मला उशीर नको आहे. छाती उघडून झडप बदलणे आणि मांडीतील रक्तवाहिनीतून नवी झडप बसवणे (टावी) यांपैकी त्यांना काय योग्य ठरेल, हे सोबतचे अहवाल पाहून आपल्या हृदयरोगतज्ज्ञांनी कळवावे, ही विनंती.

दोन्ही उपचारांचे पॅकेज स्वतंत्रपणे कळवावे. त्यात झडपेची किंमत, अँजिओग्राफी आणि अतिदक्षता विभागाचे किती दिवस धरले आहेत, तसेच मुक्काम लांबल्यास रोजचा जादा खर्च किती येईल, हेही स्पष्ट असावे.

आम्ही विमानाने मुंबईला येऊन पुढे मोटारीने पुण्याला येऊ. परतीचा विमानप्रवास कधी सुरक्षित ठरेल, हे कळल्यावरच तिकिटे काढू.

वैद्यकीय व्हिसासाठी वडिलांच्या आणि सोबत येणाऱ्या आई व माझ्या नावे, पारपत्र क्रमांकांसह, निमंत्रणपत्र द्यावे. पारपत्रांच्या प्रती जोडल्या आहेत.

आपली नम्र,
रुग्णाची कन्या
व्हाकोआ, मॉरिशस