आजी, पंचाहत्तरीच्या खूप खूप शुभेच्छा!

आजी, साष्टांग नमस्कार. आज तुला पंचाहत्तर पूर्ण झाली. वाढदिवसाच्या मनापासून शुभेच्छा!

आम्ही सगळे संध्याकाळी सहाच्या आत सोलापुरात पोचतोय. केक आहेच, पण आधी औक्षण. कणकेचे 75 दिवे आई लावेल, तू फक्त इरकल नेसून बस. गुडघा दुखत असेल तर पाट नको, खुर्चीच घे. वाकायचं आम्ही, तू नाही.

स्वयंपाकघरात आज तुला बंदी. कडक भाकरी, शेंगापोळी सगळं विकत आणू. चटणीचं मात्र अवघड आहे. शेंगदाणे मंद आचेवर भाजून, लसूण, तिखट, मीठ घालून तेल सुटेपर्यंत उखळात कुटायची तुझी चिकाटी घरात दुसऱ्या कुणाकडेच नाही, आणि मिक्सरमध्ये तर नुसता भुगा होतो. तेव्हा बरणी तू आधीच भरून ठेवली असशील, असं आम्ही गृहीत धरलंय!

सिद्धेश्वराच्या देवळात जाणार असशील तर ऊन चढायच्या आत परत ये. बीपीची गोळी विसरू नकोस. सिद्धरामेश्वर तुला ठणठणीत ठेवो, आणि तुझं आमच्यावर रागावणंही असंच चालू राहो.

तुझी,
पुण्याची सगळी नातवंडं