प्रसंग १४ : कपाट आवरताना

प्रसंग : वडील गेल्यानंतर थोरली मुलगी एकटीच त्यांचं कपाट आवरते आहे. ती अजून रडलेली नाही. घड्या घालते, पावत्या फाडते. एका सदऱ्याच्या खिशात तिचाच शाळेतला फोटो सापडतो. ती थांबते, मग पुन्हा घड्या घालू लागते.

(मुखडा)
हे ठेवायचं, हे द्यायचं,
हे नंतर बघू, राहू दे.
चष्मा इथे, किल्ल्या तिथे,
आधी काम होऊ दे.

(अंतरा १)
सदरे सगळे धुतलेलेच,
तरी पुन्हा झटकते मी.
बटण एक सैल दिसलं,
सुई-दोरा शोधते मी.
कोण घालणार, विचारू नका,
टाका तेवढा घालू दे.
आधी काम होऊ दे.

(अंतरा २ : फोटो हातात)
दोन वेण्या, वाकडी रिबीन,
कोपरा पार झिजलेला.
सदरे बदलत गेलात, बाबा,
फोटो तेवढा जपलेला.
बोलला असतात एकदा तरी...
हे ठेवायचं, हे... राहू दे.

संगीतकारासाठी : आठवण, आसवं, पोरकेपण हे शब्द मुद्दाम टाळलेत, ती अजून तिथवर पोचलेलीच नाही. मुखडा बोलल्यासारखा, मध्य सप्तकात. 'बाबा' ही हाक गाण्यात एकदाच येते, तिथे ठेका थांबवा. शेवटच्या 'हे' नंतर एक आवर्तन रिकामं हवं. कळकळीची विनंती, ती जागा व्हायोलिनने भरू नका. 'टाका' शब्दावर हरकतही नको.