पेनरिथहून स्टोनथ्वेटच्या लॉजपर्यंत: गाडीचा रस्ता
(लॉजच्या मालकिणीने पाठवलेल्या इंग्रजी पत्त्याचं मराठी. गाडी चालवणाऱ्याच्या शेजारी बसलेल्याने मोठ्याने वाचायचं.)

आधी चार गोष्टी. अंतरं मैलांत दिली आहेत, कारण पाट्यांवर आणि गाडीच्या काट्यावर मैलच असतात. १ मैल म्हणजे साधारण १.६ किलोमीटर. गावांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. केझिकच्या पाटीवर मधे डब्ल्यू दिसेल, तो बोलायचा नाही. रस्ता विचारताना ‘केस्विक’ म्हणालात तर कळेल, पण समोरचा हसेल.

‘वर’ आणि ‘खाली’ हे शब्द नीट समजून घ्या, कारण सगळे चुकतात ते इथेच. इथली माणसं खोऱ्याच्या हिशोबाने बोलतात. वर म्हणजे नदीच्या उगमाकडे आणि खाली म्हणजे केझिकच्या तळ्याकडे. नकाशात मात्र केझिक वरच्या बाजूला आहे आणि लॉज खालच्या बाजूला. कोणी ‘दोन मैल वर जा’ म्हणालं तर बोट नकाशावर खाली, दक्षिणेकडे सरकलं पाहिजे.

फोनच्या नकाशात `Stonethwaite` टाका आणि केझिक सोडण्याआधीच तो भाग उतरवून ठेवा. पुढे खोऱ्यात सिग्नल येतो-जातो, बहुतेक वेळा जातोच. पेट्रोलही केझिकमध्येच भरा, वर पंप नाही. दूध, ब्रेड, कांदे-बटाटे तिथूनच घ्या.

मँचेस्टरहून येताना एम६ वरून उत्तरेला, जंक्शन ४० ला बाहेर पडा. फोन कदाचित जंक्शन ३६ ला उतरवून विंडरमिअर, ॲम्बलसाइडमार्गे आणेल. तो रस्ता सुंदर आहे, पण शनिवारी दुपारी ॲम्बलसाइडला गाड्या मुंगीच्या पायांनी चालतात. जंक्शन ४० ला उतरल्यावर केझिकची पाटी धरून ए६६ पश्चिमेला. थोड्याच वेळात रेगेडचा राउंडअबाउट लागेल, तिथे अल्सवॉटरकडे न वळता सरळ. इथेही आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे राउंडअबाउट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरायचा आणि उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं.

पुढे जवळजवळ १७ मैल हाच रस्ता. उजव्या हाताला ब्लेंकॅथ्रा हा मोठा डोंगर येईल. त्यानंतर केझिककडे जाणारा पहिला फाटा डावीकडे दिसेल. तो घेऊ नका. त्याने गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बाजारात अडकायला होतं. ग्रेटा नदीवरचा उंच, लांब पूल ओलांडा. पुढचा राउंडअबाउट क्रॉस्थ्वेटचा, तिथे पहिलंच तोंड, डावीकडे, केझिक.

गावात शिरताना पेन्सिल म्युझियमची पाटी दिसली की वाट बरोबर आहे. मग बॉरोडेल, बी५२८९ ही पाटी धरून उजवीकडे. तपकिरी पाट्या तळ्याकडे आणि थिएटरकडे बोलावतील, त्यांच्या मागे जाऊ नका. तो रस्ता तळ्याकाठच्या वाहनतळावर जाऊन संपतो. गाव संपल्यावर झाडीतून डरवेंटवॉटर तळं उजव्या हाताला राहिलं पाहिजे. डाव्या हाताला आलं तर तुम्ही पलीकडच्या काठावर आहात, परत फिरा.

इथून सुमारे ६ मैल. रस्ता अरुंद आहे, दोन्हीकडे गडगे आहेत, आपल्या कोकणात असतात तसेच चुना-सिमेंटशिवाय रचलेले. आरसा घासला तर दगड हलत नाही, आरसाच जातो. पांढऱ्या गोलावर काळी तिरकी रेघ असलेली पाटी म्हणजे ६० मैलांची मुभा, पण इथे ३० सुद्धा पुष्कळ होतात.

डावीकडे ॲशनेस पूल आणि वॉटेंडलाथ अशी पाटी येईल. वळू नका, तो रस्ता वर जाऊन संपतो आणि त्यावर समोरून गाडी आली की एकाला मागे जावं लागतं. मग डावीकडे लोडोरचा धबधबा आणि हॉटेल. पुढे उजवीकडे ग्रेंजचा दगडी, दोन कमानींचा पूल: तो फक्त पाहायचा, ओलांडायचा नाही. यानंतर डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येतात. बाउडर स्टोनचा वाहनतळ डावीकडे सोडा आणि रॉस्थ्वेट गावातून हळू जा, दोन घरांच्या मधून रस्ता बोळासारखा होतो.

रॉस्थ्वेटचं शेवटचं घर मागे पडलं की काटा बघा. अर्ध्या मैलाच्या आसपास डावीकडे स्टोनथ्वेट अशी पाटी. इथे वळा. चुकून सीटोलर गाव आलं तर तुम्ही पुढे गेलात. तिथेच गाडी वळवा. त्याच्यापुढे हॉनिस्टरची खिंड आहे, २५ टक्के चढ, भरल्या गाडीने आणि अंधारात हौस म्हणून चढायची ती जागा नव्हे.

स्टोनथ्वेटच्या रस्त्यावर एकच गाडी मावते. जागोजागी बगला दिल्या आहेत. बगल आपल्या डावीकडे असेल तर आत शिरायचं, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर थांबून समोरच्याला शिरू द्यायचं. तिथे गाडी लावून फोटो काढायला उतरू नका.

चर्च आणि शाळा मागे टाका. मूळ पत्त्यात पुढे ‘ॲशच्या झाडापाशी उजवीकडे’ असं आहे. (आधीच्या एका भाषांतरात हे ‘राखेच्या झाडापाशी’ झालं होतं.) ते झाड रोगाने वाळलं म्हणून तोडलंय, आता गुडघाभर उंचीचा बुंधा उरला आहे. रात्री तो दिसत नाही. त्याऐवजी गडग्याला पडलेलं खिंडार आणि त्याच्या दोन बाजूंना उभे दोन काळे स्लेटचे दगड शोधा. तिथून उजवीकडे, कच्चा रस्ता.

सुमारे १५० यार्डांवर रस्त्यात आडव्या लोखंडी नळ्या बसवल्या आहेत. मेंढ्यांनी ओलांडू नये म्हणून त्या असतात. गाडी खडखडेल, घाबरू नका, पण सरळ जा, तिरकी नको. पायी ओलांडू नका, बाजूला छोटं दार आहे. मग ओढा. इथे ओढ्याला ‘बेक’ म्हणतात. पूल मधे फुगीर आहे, पलीकडची गाडी दिसत नाही, हॉर्न द्या.

पुलानंतर दोन फाटे. डावा फाटा ‘फेल गेट’ला जातो. फेल म्हणजे चरणीचा डोंगर, म्हणजे हे डोंगराचं फाटक. पडलेलं फाटक शोधत बसू नका. आपला उजवा. गंजक्या पत्र्याचा गोठा ओलांडला की लॉज, हिरवं दार. गाडी गोठ्याच्या भिंतीला लागून लावा, ट्रॅक्टरची वाट मोकळी ठेवा. वाटेतली फाटकं उघडी मिळाली तर उघडी, बंद मिळाली तर आपल्यामागे बंद.

किल्ली दाराच्या डाव्या हाताच्या पेटीत. पेटीचा आकडा आदल्या दिवशी फोनवर येईल, कागदावर उतरवून घ्या.

जोराचा पाऊस असेल तर केझिकहूनच फोन करा. ग्रेंजच्या आसपास आणि रॉस्थ्वेटजवळ रस्त्यावर पाणी येतं. डांबर दिसेनासं झालं असेल तर समोरची जीप गेली म्हणून आपली गाडी घालू नका. गाडी नसेल त्यांच्यासाठी केझिकहून ७८ नंबरची बस आहे, बूथ्स सुपरमार्केटजवळून सुटते. ड्रायव्हरला स्टोनथ्वेट फाटा म्हणून सांगा. तिथून लॉज चालत २० मिनिटं, चाकांची बॅग कच्च्या रस्त्यावर ओढता येणार नाही.