एका महिन्याचे दोनदा घेतलेले २४९ रुपये परत मिळण्याबाबत

सांगली
दि. २१ जुलै २०२५

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : जुलै २०२५ ची मासिक वर्गणी दोनदा वसूल झाली, त्यांपैकी एक रक्कम मूळ खात्यात परत करणे.
संदर्भ : माझी दि. ५ जुलैची चॅटवरील तक्रार, क्र. ७७४०३१८

महोदय/महोदया,

आपल्या ऑडिओबुक ॲपची मी मार्च २०२४ पासून वर्गणीदार आहे. दरमहा ३ तारखेला यूपीआय ऑटोपेने २४९ रुपये जातात. सोळा महिन्यांत एकही हप्ता चुकलेला नाही. या जुलैमध्ये मात्र माझ्याकडून २४९ रुपये दोनदा घेतले गेले आणि मुदत एकाच महिन्याची मिळाली. तक्रार एवढीच आहे. पण अडीच आठवडे ती तीन जणांना तीनदा सांगूनही उपयोग झाला नाही, म्हणून सगळे सविस्तर लिहिते.

गुरुवारी, ३ जुलैला सकाळी ६ वाजून १४ मिनिटांनी माझ्या बचत खात्यातून २४९ रुपये वजा झाले. त्याचा यूपीआय व्यवहार क्रमांक ५१८४०७२६३९१५. आदल्या दिवशी सकाळी वसुलीची पूर्वसूचनाही आली होती, म्हणजे इथपर्यंत सगळे रीतसर होते. त्यानंतर सतराच मिनिटांनी, ६ वाजून ३१ मिनिटांनी, आपला संदेश आला : "पेमेंट होऊ शकले नाही, सदस्यत्व थांबवले आहे, येथे भरा." ॲप खरोखरच बंद झाले होते. बँकेचे उत्तर आपल्या यंत्रणेत पोहोचायला उशीर झाला असावा असे समजून मी दिवसभर थांबले. दुसऱ्या दिवशीही ॲप उघडेना.

थांबणे मला अवघड होते, त्याचे कारण सांगते. माझ्या यजमानांच्या डोळ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले होते. वाचन बंद, टीव्ही बंद. रविवारी, ६ तारखेला आषाढी एकादशी होती आणि ते दिवस त्यांचे सकाळ-संध्याकाळ हरिपाठ आणि ज्ञानेश्वरी ऐकण्याचे. म्हणून ४ जुलैला रात्री ८ वाजून ५२ मिनिटांनी मी आपल्याच संदेशातल्या दुव्यावरून डेबिट कार्डाने पुन्हा २४९ रुपये भरले. ॲप लगेच सुरू झाले.

आता हिशेबाकडे येते. सहकारी साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात मी एकतीस वर्षे काढली आहेत, त्यामुळे हे माझ्या नजरेतून सुटले नाही. ४ तारखेच्या भरण्याचे बिल आपल्याकडून ईमेलने आले : मूळ रक्कम २११ रुपये २ पैसे, जीएसटी ३७ रुपये ९८ पैसे, एकूण २४९, आणि मुदत ३ जुलै ते २ ऑगस्ट. ३ तारखेच्या २४९ रुपयांचे बिल मात्र आजपर्यंत आलेले नाही. दोन महिन्यांचे पैसे जमा झाले असते तर मुदत २ सप्टेंबरपर्यंत दिसायला हवी होती. तशी ती दिसत नाही. याचा अर्थ माझी पहिली रक्कम तुमच्याकडे पोहोचली, पण कोणत्याही बिलाला लागली नाही. ती आपल्या वहीत कुठेतरी उचंत खात्यात पडून असणार. तिथे शोधलीत तर सापडेल.

५ जुलैला चॅटवर सांगितले तेव्हा उत्तर मिळाले, "बँकेशी संपर्क साधा." मी शाखेत गेले. तिथल्या साहेबांनी दोन्ही नोंदी उघडून दाखवल्या. दोन्ही व्यवहार यशस्वी आहेत. व्यवहार फसला असता तर पैसे बँकेमार्फत आपोआप परत आले असते. यशस्वी झालेले पैसे ज्याच्या खात्यात गेले त्यानेच परत करायचे, बँक त्यात हात घालू शकत नाही. हे त्यांचे म्हणणे मला पटले, आपल्यालाही पटावे.

९ जुलैला आपल्याकडून ईमेल आले की २४९ रुपये "क्रेडिट" म्हणून पुढील वर्गणीत वळते करू. त्याच दिवशी मी नकार कळवला. ही सवलत मी मागितलेली नाही, चुकून गेलेले माझे पैसे परत मागते आहे. पुढच्या महिन्यात वर्गणी चालू ठेवायची की नाही हे मला ठरवता आले पाहिजे. त्या ईमेलला उत्तर आले नाही, आणि १४ जुलैला "आपली समस्या सोडवण्यात आली आहे" असा संदेश येऊन तक्रार बंद झाली. कोणाची समस्या सुटली, ते कळले नाही.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. कार्डाने भरताना त्या पानावर "दरमहा आपोआप" ही खूण आधीच केलेली होती. त्यामुळे माझ्या कार्डावरही दुसरी स्थायी परवानगी तयार झाली, म्हणजे ३ ऑगस्टला पुन्हा दोन ठिकाणांहून पैसे गेले असते. ती परवानगी मी १६ जुलैला बँकेच्या ॲपमधून रद्द केली आहे. तीच चूक इतर वर्गणीदारांकडूनही झाली असेल, म्हणून त्या पानाकडे जरूर पाहावे.

माझी मागणी अशी. ३ जुलैचे बिल न लागलेले २४९ रुपये, ज्या यूपीआय खात्यातून घेतले त्याच खात्यात परत करावेत. तीच रक्कम परत केलीत तर ४ तारखेच्या बिलाला हात लावावा लागणार नाही. हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत रक्कम पाठवून तिचा व्यवहार क्रमांक मला ईमेलने कळवावा. कार्डावरील परवानगी आपल्या बाजूनेही रद्द झाल्याचे लेखी द्यावे. यूपीआय ऑटोपे आहे तसे राहू द्यावे. यजमानांना आपल्याकडचे वाचन आवडते, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि निवारण एक महिन्यात करायचे असते. मुदतीत पैसे आले नाहीत तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवेन आणि गरज पडल्यास जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्यामुळे ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातच दावा करता येतो आणि एवढ्या रकमेला फीही लागत नाही. २४९ रुपयांसाठी तिथवर जायला लागू नये अशी माझी इच्छा आहे. पण वेळ माझ्याकडे भरपूर आहे, मी सेवानिवृत्त आहे.

सोबत बचत खात्याच्या जुलै महिन्याच्या उताऱ्याचे संबंधित पान, ३ जुलैच्या संदेशाचा स्क्रीनशॉट, ४ जुलैचे बिल, चॅटची प्रत आणि कार्डावरील परवानगी रद्द केल्याची बँकेची पोच जोडली आहे. खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक सोडून बाकीचे मी झाकले आहेत. पूर्ण क्रमांक, ओटीपी किंवा पिन फोनवर कोणी विचारल्यास मी देणार नाही, तेव्हा उत्तर कृपया लेखीच द्यावे.

आपली,
शैलजा पाटील
(वर्गणीदार, मार्च २०२४ पासून)